फिल्म दिग्दर्शकाची, पत्र सहाय्यकाचं

सहाय्यक दिग्दर्शकाच्या जागेसाठी पाठवलेलं पत्र दिग्दर्शकाच्या हाती क्वचितच पडतं. ते वाचतो फर्स्ट एडी, म्हणजे दिग्दर्शन विभागाचा प्रमुख सहाय्यक. शूटिंग महिना-दीड महिन्यावर आलेलं असतं. सकाळी लोकेशनची रेकी, दुपारी कपड्यांची ट्रायल, संध्याकाळी कलाकारांच्या तारखा जुळवण्यासाठी फोनाफोनी. त्यातून मिळालेल्या दहा मिनिटांत, गाडीत बसल्या बसल्या, तो मोबाइलवर आलेले अर्ज चाळतो. त्याला एक थर्ड एडी हवा असतो. कदाचित कपड्यांचा हिशेब ठेवणारा, कदाचित कंटिन्युइटी लिहिणारा, कदाचित क्लॅप देणारा आणि ज्युनिअर आर्टिस्टची गर्दी हलवणारा. पत्र वाचताना त्याच्या मनात फार थोडे प्रश्न असतात. ही व्यक्ती वेळेवर येईल का? शिफ्टच्या बाराव्या तासाला, रात्री दोन वाजता, नायकाच्या बाहीच्या घड्या दोन होत्या की तीन हे वही न शोधता सांगेल का? आणि मॉनिटरमागे उभी राहून दिग्दर्शकाला शॉट सुचवत बसणार नाही ना?

आता याच पत्रात खाली एका शॉर्टफिल्मची लिंक असते. मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहिलेली, दिग्दर्शित केलेली, कॉलेजच्या महोत्सवात गाजलेली फिल्म. अर्ज करणाऱ्याच्या दृष्टीने ती त्याच्या गुणवत्तेचा सगळ्यात मोठा पुरावा असते. पण फर्स्ट एडीच्या वरच्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ती फिल्म आपणहून देत नाही. फ्रेम सुंदर आहे, अभिनय चांगला काढला आहे, शेवट मनाला लागतो. हे सगळं पाहून कळतं की या व्यक्तीला दिग्दर्शक व्हायचं आहे. ती सहाय्यक म्हणून कशी आहे हे कळत नाही. उलट, फिल्म फार चांगली असेल तर तिसऱ्या प्रश्नाची शंका वाढते.

म्हणूनच पत्राला महत्त्व आहे. फिल्म दाखवते ते दिग्दर्शन आणि नोकरी आहे ती सहाय्यकाची, या दोहोंमधलं अंतर पत्राने भरायचं असतं. आपल्याकडे फिल्मवर महिनोन्‌महिने मेहनत घेतात आणि पत्र मात्र रात्री अकराला, इंटरनेटवरचा एखादा नमुना समोर ठेवून उरकतात. ते नमुने बहुतेक अमेरिकेतले असतात आणि तिथेच पहिली गडबड होते. हॉलिवूडमध्ये कंटिन्युइटी पाहणारा स्क्रिप्ट सुपरवायझर हा वेगळा माणूस असतो आणि सहाय्यक दिग्दर्शकाचा भर वेळापत्रक, सेटवरची शिस्त, सुरक्षितता यांवर असतो. मुंबई-पुण्याच्या सेटवर कंटिन्युइटी बहुतेक वेळा दिग्दर्शन विभागातलाच एखादा सहाय्यक सांभाळतो. कपड्यांचं वेळापत्रकही त्याच विभागाकडे येतं, आणि काही ठिकाणी कलाकाराला संवाद समजावून देण्याचं कामही. त्यामुळे ‘मी क्रूचं उत्तम व्यवस्थापन करू शकते’ असं अमेरिकी थाटाचं वाक्य इथल्या फर्स्ट एडीला काहीच सांगत नाही. त्याला कळायला हवं की तुम्ही यातलं नेमकं काय केलं आहे.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातल्या अडचणी प्रत्येक शॉर्टफिल्मच्या सेटवर येतात. समजा, पुण्यात मास कम्युनिकेशन शिकलेली एक मुलगी आहे. तिच्याकडे दोन फिल्म आहेत. पहिली सहा मिनिटांची, तिने स्वतः दिग्दर्शित केलेली, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बक्षीस मिळालेली. दुसरी अकरा मिनिटांची, वर्गमित्राने दिग्दर्शित केलेली, जिच्यात ही एकटीच सहाय्यक दिग्दर्शक होती. दुसऱ्या फिल्मला कुठे बक्षीस नाही. तिचं नाव ‘शेवटची एसटी’ धरू.

या मुलीच्या पत्राचा पहिला मसुदा कसा असेल ते ओळखणं अवघड नाही. लहानपणापासून सिनेमाची ओढ, आवडत्या दिग्दर्शकांची नावं, मग बक्षीस मिळालेल्या फिल्मचं कथानक आठ ओळींत, तिची लिंक, आणि शेवटी ‘मला आपल्याकडून खूप शिकायचं आहे, एक संधी द्यावी’. दुसऱ्या फिल्मचा उल्लेख ‘शिवाय मित्राच्या फिल्मसाठी मदत केली’ असा अर्ध्या वाक्यात. माझ्या मते या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट हे अर्धं वाक्यच आहे.

‘शेवटची एसटी’ची गोष्ट साधी. खेड्यातल्या एसटी थांब्याच्या शेडमध्ये बाप आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी शेवटच्या गाडीची वाट पाहतात. पाऊस येतो, चहावाला सांगतो की आता गाडी येणार नाही, रात्र तिथेच जाते, सकाळी पहिली गाडी येते. एकूण आठ सीन. पहिले तीन उन्हं असताना आणि कोरडे. चौथ्यात, दिवेलागणीला, पाऊस सुरू होतो. पाचवा, सहावा आणि सातवा रात्रीचे. आठवा सकाळचा.

कागदावर हे सरळ आहे, पण शूटिंग त्या क्रमाने होऊ शकत नव्हतं. पावसासाठी लागणारा पाण्याचा टँकर फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता. वेगळी बस भाड्याने घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून सकाळी सातच्या सुमारास त्या थांब्यावर खरोखर येणारी एसटी टिपायची ठरली, आणि तीही दुसऱ्याच दिवशी. तेव्हा क्रम असा झाला: पहिल्या दिवशी दुपारी सीन एक ते तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट सीन आठ. त्याच संध्याकाळी सीन चार, आणि रात्री पाच, सहा, सात.

म्हणजे रात्रभरच्या पावसानंतरची सकाळ आधी टिपायची होती आणि तो पाऊस नंतर पडणार होता. बापाच्या पायजम्याला चिखल कुठवर लागला असेल? शर्ट किती सुकला असेल? मुलीच्या वेण्यांपैकी कुठली सुटली असेल? सहाय्यकाने हे सगळं पाऊस पडायच्या आधी ठरवायचं होतं. तिने आदल्या रात्री दिग्दर्शकाबरोबर बसून आठही सीनचा कपड्यांचा तक्ता केला. चिखल उजव्या पायाला गुडघ्याच्या चार बोटं खाली, डाव्याला घोट्यापर्यंत. शर्ट खांद्यावर ओलसर, बाकी सुकलेला. डावी वेणी सुटलेली. सकाळी त्याप्रमाणे चिखल लावला, शेडसमोरची जमीन बादल्यांनी भिजवली आणि गाडी येण्याआधी तिन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवले. संध्याकाळी पावसाच्या सीनमध्ये बापाला उजवा पाय डबक्यात टाकत धावायला लावलं, कारण सकाळी टिपून झालेला चिखल त्याशिवाय खरा वाटला नसता. शर्ट एकसारखे दोन घेतले होते. एक भिजला की रात्रीच्या पुढच्या सीनपर्यंत सुकणार नाही, आणि मध्येच एखादा कोरडा शॉट पुन्हा घ्यावा लागला तर हातात काही राहणार नाही, म्हणून.

दुसरी अडचण मुलीची. बालकामगार कायद्याखालच्या 2017 च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त थांबवता येत नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही घ्यावी लागते. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये याकडे सर्रास दुर्लक्ष होतं आणि ते चुकीचं आहे. या सहाय्यकाने मुलीचे तास वेगळे लिहिले. पहिल्या दिवशी तीन ते सात, मध्ये विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड तास, संध्याकाळी साडेचार ते सात. एकूण चार. सातनंतर मुलगी घरी. पण सीन पाच, सहा आणि सातमध्ये ती बापाच्या मांडीवर झोपलेली दिसायला हवी. मग तिचा चेहरा दिसणारा एकच जवळचा शॉट साडेसहाला, शेडला काळं कापड लावून रात्रीसारखा घेतला. बाकी सगळ्या शॉटमध्ये शालीखाली दोन उशा आणि बाहेर डोकावणारी तिची चप्पल. फिल्म पाहणाऱ्याला ते कळत नाही, आणि कळू नये यासाठीच ती चप्पल होती.

हे सगळं काम पडद्यावर दिसत नाही. चांगली कंटिन्युइटी लक्षात येत नाही, ती बिघडली तरच डोळ्यांत खुपते. त्यामुळे नुसती लिंक पाठवून ‘कृपया पाहावी’ म्हटलं तर फर्स्ट एडीसारखा जाणकारही ती गोष्ट म्हणून पाहील. त्याला त्यातलं काम दाखवायचं तर पत्रात बोट ठेवावं लागतं: अमुक मिनिटाला अमुक आहे, ते असं केलं. हे दोन-तीन वाक्यांत सांगता येतं, आणि सांगितलं की अकरा मिनिटांची फिल्म पाहायला वेळ नसलेला माणूसही चाळीस सेकंद नक्की पाहतो.

त्या मुलीने दुसऱ्या मसुद्यात फिल्मचा क्रम उलटा केला. मित्राची फिल्म आधी, स्वतःची नंतर. पत्र असं झालं:

> विषय: थर्ड एडी पदासाठी अर्ज – शॉर्टफिल्मची लिंक सोबत – 5 नोव्हेंबरपासून उपलब्ध
>
> नमस्कार,
>
> आपल्या चित्रपटाच्या दिग्दर्शन विभागात थर्ड एडीची जागा असल्याचं कळलं. कंटिन्युइटी किंवा कॉस्च्युम यांपैकी कुठल्याही कामासाठी मी अर्ज करत आहे.
>
> ‘शेवटची एसटी’ (11 मिनिटं) या शॉर्टफिल्मची मी एकमेव सहाय्यक दिग्दर्शक होते. दिग्दर्शन माझं नाही. स्क्रिप्ट ब्रेकडाऊन, दोन दिवसांचं शेड्यूल, कॉलशीट आणि कंटिन्युइटी माझ्याकडे होती. युनिट 14 जणांचं होतं.
>
> पूर्ण फिल्म पाहायला वेळ नसेल तर 09:50 पासून एक मिनिट पाहावं. हा सकाळचा सीन पावसाच्या सीनच्या आधी शूट झाला आहे. कपड्यांवरचा चिखल आधी ठरवून नंतर पावसात जुळवला. 06:25 ला झोपलेली मुलगी दिसते, तिथे शालीखाली उशा आहेत. बालकलाकाराला संध्याकाळी सातला सोडता यावं म्हणून शेड्यूल तसं लावलं होतं.
>
> पहिल्या दिवसाची कॉलशीट आणि कंटिन्युइटीच्या वहीचं एक पान सोबत जोडलं आहे. मी दिग्दर्शित केलेल्या सहा मिनिटांच्या फिल्मची लिंकही खाली आहे.
>
> मी पुण्यात राहते. मुंबईत किंवा बाहेरगावी शेड्यूलभर राहू शकते. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत काम करते. फिचर फिल्मच्या सेटवर अजून काम केलेलं नाही.
>
> आपली,

खाली नाव, फोन नंबर आणि दोन लिंक.

या पत्रातली काही वाक्यं मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. ‘दिग्दर्शन माझं नाही’ हे वाक्य लिहायला नवशिक्यांना जड जातं. पण शॉर्टफिल्मच्या श्रेयनामावलीत एकेका माणसाचं नाव पाच ठिकाणी असतं, आणि वाचणाऱ्याला ते माहीत असतं. तुमचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे तुम्ही स्वतः सांगितलं की बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो. ‘फिचर फिल्मच्या सेटवर अजून काम केलेलं नाही’ हेही तसंच. ही गोष्ट पहिल्या फोनमध्ये उघडी होणारच असते. आधी सांगितली तर फर्स्ट एडी तुम्हाला सीनियर कंटिन्युइटी सहाय्यकाच्या हाताखाली ठेवायचं की नाही ते ठरवू शकतो. लपवली तर त्याला सेटवर पहिल्याच दिवशी कळतं, आणि तेव्हा माणूस बदलणं सगळ्यांनाच महागात पडतं.

कथानक पत्रात नाही, आवडत्या दिग्दर्शकांची नावंही नाहीत. बक्षिसाचा उल्लेख मी स्वतः बायोडेटात ठेवीन, पत्रात नाही. ज्याला कंटिन्युइटीसाठी माणूस हवा आहे त्याला बक्षीस ऐकून फारसा फरक पडत नाही. शॉर्टफिल्ममुळे थेट दिग्दर्शनाचं दार उघडल्याची उदाहरणं मराठीत ठळक आहेत. उमेश कुलकर्णी यांनी एफटीआयआयमध्ये शिकताना केलेल्या ‘गिरणी’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे 2008 मध्ये ‘वळू’ आला. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’लाही राष्ट्रीय पुरस्कार होता, त्यानंतर ‘फँड्री’ झाला. पण तो रस्ता महोत्सवांतून आणि निर्मात्यांकडे जातो. त्या रस्त्याने जायचं असेल तर फिल्म महोत्सवांना पाठवावी, निर्मात्यांना दाखवावी. सहाय्यकाच्या नोकरीच्या पत्रात तो रस्ता मिसळला की वाचणाऱ्याला वाटतं, ही व्यक्ती इथे थोडे दिवस थांबायला आली आहे.

मग ज्याच्याकडे फक्त स्वतः दिग्दर्शित केलेलीच फिल्म आहे त्याने काय करावं? लहान फिल्ममध्ये दिग्दर्शकच अनेकदा स्वतःचा सहाय्यक असतो. ब्रेकडाऊन त्यानेच केलेलं असतं, ग्रामपंचायतीचं पत्र त्यानेच आणलेलं असतं, रात्री साडेदहाला उद्याच्या कॉलचे मेसेज त्यानेच पाठवलेले असतात. पत्रात त्याच कामाबद्दल लिहावं. ‘दोन दिवसांत 34 शॉट ठरले होते, दुसऱ्या दिवशी वीज गेल्याने 6 सोडावे लागले, कुठले सोडायचे ते असं ठरवलं’ हे वाक्य कथेच्या आठ ओळींपेक्षा कितीतरी कामाचं आहे. काय जमलं नाही ते सांगायला घाबरू नये. शेड्यूल कोसळलेलं पाहिलेला माणूस फर्स्ट एडीला आवडतो, कारण त्याच्या सेटवरही ते कोसळणारच असतं.

कॉलशीट जोडताना एक काळजी घ्यावीच लागते. खऱ्या कॉलशीटवर कलाकारांचे आणि युनिटचे फोन नंबर, राहण्याचं ठिकाण, कधी कधी घरचा पत्ताही असतो. ती जशीच्या तशी पाठवली तर इतरांची खासगी माहिती अनोळखी माणसाच्या हाती जाते. वाचणाऱ्याच्या मनात लगेच विचार येतो की ही व्यक्ती उद्या आमच्या नायिकेचा नंबरही असाच कुठेतरी पाठवेल. तेव्हा नंबर आणि पत्ते पुसून, त्या जागा रिकाम्या दिसतील अशी प्रत जोडावी. त्या रिकाम्या जागांवरूनही तुमच्याबद्दल चांगलं मत होतं. मित्राच्या फिल्मचा भाग दाखवत असाल तर त्याला आधी विचारावं, विशेषतः फिल्म अजून महोत्सवांच्या फेऱ्यांत असेल तर. काही महोत्सवांना इंटरनेटवर खुली झालेली फिल्म चालत नाही.

आता लिंकबद्दल. बरीच चांगली पत्रं वाया जातात ती इथे. फर्स्ट एडी लिंकवर बोट ठेवतो आणि समोर `Request access` येतं. म्हणजे फिल्म गुगल ड्राइव्हवर आहे आणि ती उघडायची परवानगी फक्त मालकाला आहे. तो परवानगी मागत नाही, पुढच्या अर्जाकडे जातो. ड्राइव्हवर ठेवायची असेल तर शेअरिंग `Anyone with the link` असं करावं. यूट्यूबवर ठेवायची असेल तर `Private` नाही, `Unlisted` निवडावं. `Private` फिल्म ज्यांना बोलावलं आहे त्यांनाच दिसते, `Unlisted` फिल्म ज्याच्याकडे लिंक आहे त्या कुणालाही उघडता येते, आणि शोधात मात्र येत नाही. विमिओवर पासवर्ड लावला असेल तर तो लिंकच्या शेजारीच लिहावा, वेगळ्या मेलमध्ये नाही.

ठरावीक मिनिटापासून फिल्म सुरू व्हावी असं हवं असेल तर यूट्यूबच्या छोट्या लिंकपुढे सेकंद जोडता येतात. 09:50 म्हणजे 590 सेकंद, म्हणून लिंकच्या शेवटी `?t=590`. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल तर `&t=590`. हे करून झालं की लिंक स्वतःच्या नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून पाहावी. स्वतःच्या फोनवर ती नेहमीच उघडते, कारण तिथे तुमचंच खातं चालू असतं.

दुसरा घात गाण्याचा. शॉर्टफिल्मच्या एडिटमध्ये एखादं जुनं हिंदी गाणं घातलेलं असतं, परवानगी घेतलेली नसते. यूट्यूब ते ओळखतं आणि हक्काचा दावा आला की कधी आवाज बंद होतो, कधी फिल्मच दिसेनाशी होते. पाठवताना चालू असलेली लिंक पंधरा दिवसांनी मेलेली असू शकते. त्यामुळे अर्जासाठी गाणं काढलेली प्रत वेगळी ठेवावी. सबटायटल्स इंग्रजीत असावीत. मराठी सिनेमाच्या युनिटमध्येही अमराठी फर्स्ट एडी असतात आणि हिंदीत तर ते असणारच. आणि फिल्म मोबाइलवर, उजेडात, बहुतेक हेडफोनशिवाय पाहिली जाईल हे धरून चालावं. रात्रीचा फार काळोखा सीन तिथे नुसता काळा दिसतो. पत्रात ज्या मिनिटाकडे बोट दाखवायचं ते निवडताना हे लक्षात ठेवलं तर बरं. म्हणूनच वरच्या पत्रात सकाळचा सीन आधी आहे आणि रात्रीचा नंतर.

फिल्मची फाइल मेलला जोडू नये. जीमेलमधून 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून जात नाही, ती आपोआप ड्राइव्हची लिंक होते आणि गोष्ट पुन्हा परवानगीवर येते. आजकाल अर्ज व्हॉट्सॲपवरही मागवले जातात. तिथे पत्र आणखी लहान करावं लागतं: पद, उपलब्धतेची तारीख, एका फिल्ममधलं नेमकं काम आणि एक लिंक. चार-पाच ओळी. कॉलशीटची पीडीएफ मागितल्यावर पाठवावी.

पत्र चांगलं झालं तर पुढे काय होतं तेही सांगायला हवं, कारण त्यावरून पत्रात काय लिहायचं याची समज येते. मेलला उत्तर क्वचित येतं, फोन येतो. बरेचदा संध्याकाळी उशिरा, आणि बरेचदा ‘परवा ऑफिसला येऊ शकतेस का’ असा. फोनवर किंवा ऑफिसमध्ये त्या लिंकबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले जातात. ते कथेबद्दल नसतात. पाऊस कॅमेऱ्यात दिसावा म्हणून लाइट कुठे होता? तो मागून लावावा लागतो, समोरून लावला तर थेंब दिसतच नाहीत. हे कॅमेरामनचं काम, पण सेटवर डोळे उघडे ठेवून उभ्या राहिलेल्या सहाय्यकाला ते माहीत असतं. एसटी ठरल्या वेळेला आली नसती तर काय करणार होतात? कंटिन्युइटीचे फोटो कुठल्या नावाने साठवले होते? ज्याने काम केलं आहे तो यावर थांबत नाही, उलट त्याला आवरावं लागतं. ज्याने दुसऱ्याचं काम आपल्या नावावर लिहिलं आहे तो पहिल्याच प्रश्नाला ‘ते टीमने केलं’ म्हणतो. तिथे मुलाखत संपते.

या क्षेत्रात बहुतेक माणसं ओळखीतून घेतली जातात, हेही खरं आहे. फर्स्ट एडी आधी आपल्या मागच्या फिल्ममधल्या लोकांना फोन करतो, ते मोकळे नसतील तर त्यांच्या ओळखीच्यांना. अनोळखी पत्राची पाळी त्यानंतर येते, म्हणजे शूटिंग अगदी तोंडावर आलेलं असताना. म्हणून पत्रात उपलब्धतेची तारीख विषयाच्या ओळीतच हवी. त्या क्षणी सगळ्यात आधी ती पाहिली जाते. आणि म्हणूनच पत्राला उत्तर आलं नाही याचा अर्थ ते वाईट होतं असा नसतो. महिन्या-दोन महिन्यांनी, नवी तारीख टाकून, तेच पत्र पुन्हा पाठवायला काहीच हरकत नाही. फर्स्ट एडी अशी पत्रं जपून ठेवतात, कारण त्यांना शेड्यूलच्या मध्येच माणूस सोडून गेल्याचा अनुभव असतो.

पैशांबद्दल पहिल्या पत्रात लिहू नये, पण फोनवर काम पक्कं होण्याआधी नक्की विचारावं: शेड्यूल किती दिवसांचं, प्री-प्रॉडक्शनचे दिवस धरले आहेत का, रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडण्याची सोय आहे का, पैसे कधी आणि किती टप्प्यांत. नवीन माणूस संकोचाने हे विचारत नाही आणि मग दीड महिन्याच्या प्री-प्रॉडक्शनचे पैसे मिळतच नाहीत, कारण बोलणं फक्त शूटिंगच्या दिवसांचं झालेलं असतं. मुलींनी रात्रीच्या प्रवासाचा प्रश्न तर मोकळेपणाने विचारावा. जे युनिट त्यावर टाळाटाळ करतं तिथलं काम सोडलेलं बरं.

तुमची फिल्म तयार असेल आणि पत्र लिहायला बसला असाल तर आधी शूटिंगच्या दिवसांतली वही शोधून काढा. ब्रेकडाऊन, कॉलचे मेसेज, कपड्यांचे फोटो, कुठले शॉट सुटले त्याची यादी. पत्रासाठी लागणारा मजकूर तिथे आहे. आणि पुढच्या फिल्मपासून, ती मित्राची असो की तुमची, ती वही पॅक-अपनंतर फेकू नका.